आज पाला संपला

सकाळी सव्वानऊला मेसच्या मागच्या दारातून निळे ड्रम बाहेर येतात. पहिल्यात भाजीची देठं, कांद्याची टरफलं, बटाट्याची सालं. दुसऱ्यात ताटांतलं खरकटं: भात, आमटी, अर्धवट खाल्लेल्या पोळ्या. तिसऱ्यात कँटीनचा चहाचा चोथा. दाराशी जमिनीवर एक वजनकाटा ठेवलेला आहे. ड्रम त्यावर चढतो, मुकादम आकडा वाचतात, रिकाम्या ड्रमचं वजन वजा करतात आणि खिळ्याला टांगलेल्या लांबट वहीत लिहितात. मगच ड्रम मागच्या हौदांकडे जातो.

पुणे जिल्ह्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचं हे वसतिगृह. सहाशे मुलं-मुली राहतात. मी तिथे गेले होते ते खताचे हौद बघायला, पण दिवसभर गुंतून राहिले त्या वहीत. हॉटेल, कॉलेज, रुग्णालय अशा ठिकाणचा कचरा खरंच तिथल्या तिथे जिरतो की नुसता जिरवल्याचा देखावा होतो, हे हौदापेक्षा वहीच लवकर सांगते.

आधी नियम काय म्हणतो ते पाहू. घनकचरा व्यवस्थापनाचे नियम २०१६ साली आले, तेव्हा दिवसाला सरासरी १०० किलोंपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या संस्थेला ‘मोठा कचरा उत्पादक’ ठरवण्यात आलं. हे १०० किलो फक्त ओल्या कचऱ्याचे नव्हते, सगळा कचरा मिळून होते. जैविक कचरा शक्य तितका आपल्याच आवारात खत करून किंवा बायोगॅस करून जिरवावा, ही जबाबदारी तेव्हापासूनची. मुंबई महापालिकेने २०१७ मध्ये याच नियमाच्या आधारे मोठ्या सोसायट्यांना आणि आस्थापनांना २ ऑक्टोबरची मुदत दिली होती, ते अनेकांना आठवत असेल.

त्या व्याख्येत एक पळवाट होती. १०० किलो होतात की नाही, हे मोजायचं कुणी? ज्याने मोजायचं, त्याचाच फायदा न मोजण्यात होता. ‘आमचा ऐंशी-नव्वदच होतो’ म्हटलं की विषय संपायचा. जानेवारी २०२६ मध्ये अधिसूचित झालेल्या आणि १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या नियमांनी ही वाट अरुंद केली. आता तीनपैकी एक गोष्ट जरी लागू झाली तरी संस्था मोठी कचरा उत्पादक ठरते: २०,००० चौरस मीटर किंवा अधिक बांधकाम क्षेत्र, दिवसाला ४०,००० लिटर किंवा अधिक पाणी, किंवा १०० किलो किंवा अधिक कचरा. यातला पाण्याचा निकष मला सगळ्यात नेमका वाटतो. शहरात माणशी १३५ लिटर पाण्याचा हिशेब नेहमी धरला जातो. त्या हिशेबाने तीनशे माणसं राहत असली की ४०,००० लिटरचा आकडा गाठला जातो. म्हणजे तीनशे खाटांच्या वसतिगृहाने कचरा तोललाच नाही, तरी पाण्याचं मीटर त्याच्या वतीने बोलतं.

नव्या नियमांत कचरा चार भागांत वेगळा करायचा आहे: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. शेवटच्यात औषधं, बल्ब, रंगाचे डबे अशा वस्तू येतात. मोठ्या उत्पादकाने ओला कचरा शक्य तितका जागेवर जिरवायचा. ते शक्य नसेल तर त्याबद्दलचं प्रमाणपत्र घेऊन ती जबाबदारी दुसरीकडून पार पाडायची. सगळ्याची नोंद केंद्रीय पोर्टलवर होते, आणि खोटी माहिती किंवा बनावट कागद दिले तर पर्यावरणीय भरपाई वसूल करण्याची तरतूद आहे. म्हणजे कचरा न जिरवणं हा एक दोष, आणि जिरवला असं खोटं लिहिणं हा दुसरा. इथे वहीचा प्रश्न सुरू होतो.

पण वही समजायची तर हौदात काय होतं ते आधी समजायला हवं.

या वसतिगृहात रोजचा ओला कचरा साधारण १३० किलो. त्यात जवळजवळ तीन चतुर्थांश पाणीच असतं. तो तसाच हौदात टाकला तर दोन दिवसांत खाली काळं पाणी गळू लागतं, आत हवा शिरत नाही आणि आंबट, कुजका वास सुटतो. खत करणाऱ्या जिवाणूंना हवा लागते, ओलावा लागतो पण चिखल चालत नाही, आणि खाण्यात नत्राबरोबर कर्बही भरपूर लागतो. उरलेल्या अन्नात नत्र जास्त, कर्ब त्यामानाने कमी. ही तूट भरून काढतो वाळलेला पालापाचोळा. त्यात कर्ब भरपूर असतो, तो जास्तीचं पाणी शोषतो आणि थरांमध्ये हवेला वाट ठेवतो.

मुकादमांचं प्रमाण ठरलेलं आहे: तीन घमेली ओल्याला एक घमेलं पाला, पण वजनाने. आकारमानाने पाला कितीतरी जास्त दिसतो. १३० किलोला रोज ४० किलो पाला लागतो. हिशेब करून बघितला. १३० किलो ओल्या कचऱ्यात सुमारे ९७ किलो पाणी, ४० किलो पाल्यात चार-पाच किलो. एकूण १७० किलोंच्या मिश्रणात १०२ किलो पाणी, म्हणजे ६० टक्के. जिवाणूंना ५० ते ६० टक्के ओलावा मानवतो. मुकादमांनी हा हिशेब कधी मांडलेला नाही. ते मिश्रणाची मूठ घेऊन दाबतात. बोटांतून एखाद-दुसरा थेंब येऊन थांबला आणि मूठ उघडल्यावर गोळा अलगद टिकला, तर ठीक. पाणी ठिबकत राहिलं तर आणखी पाला. भुगा होऊन सांडलं तर थोडं पाणी.

आठवडाभराचा कचरा एका हौदात जातो. दीड मीटर बाय दोन मीटर, उंची एक मीटर. असे सात हौद एका रांगेत. सातवा भरेपर्यंत पहिल्यातलं खत तयार झालेलं असतं. सगळं मिळून जागा साठ-सत्तर चौरस मीटर, त्यात हौदांसमोर फावडं चालवायला मोकळी जागा आणि पाल्याची खोली धरून. तीनशे-चारशे दुचाक्यांच्या पार्किंगची जागा काढणाऱ्या कॉलेजला एवढी जागा जड जाऊ नये.

हौदाच्या कडेला एक लांब दांड्याचं थर्मामीटर खोचलेलं असतं. भरून तीन-चार दिवस झालेल्या हौदात त्या दिवशी ५८ अंश तापमान होतं. वरचा थर फावड्याने बाजूला केला तशी वाफ वर आली. ५५ अंशांच्या वर काही दिवस टिकलं की रोगजंतू आणि तणांचं बी मरतं. मग माल खालवर करायचा. तेव्हा तापमान उतरतं, आत नवी हवा मिळाली की पुन्हा चढतं. तीन-चार वेळा असं झालं की चढणं थांबतं, आणि खत बाहेरच्या हवेइतकं थंड होतं. वास पावसानंतरच्या मातीचा येतो.

बिघाड झाला तर नाकाला आधी कळतं. डोळे चुरचुरवणारा अमोनियाचा वास आला तर नत्र जास्त झालं, पाला वाढवायचा. सडक्या अंड्यासारखा किंवा आंबट वास आला तर हवा बंद झाली, माल उलटायचा आणि पाला घालायचा. आणि हौद थंडच राहिला तर तो फार कोरडा आहे किंवा फार थोडा भरला आहे.

आता वहीकडे परत येऊ. रोजच्या नोंदीत नऊ रकाने आहेत: तारीख, जेवणारी माणसं, स्वयंपाकघराचा कचरा, ताटातलं खरकटं, कँटीन, घातलेला पाला, हौद क्रमांक, हौदाचं तापमान, आणि शेवटी शेरा. मागच्या पानांवर सुका कचरा कुणी, किती किलो नेला आणि त्याची पावती क्रमांक, सॅनिटरी कचरा किती पिशव्या, आणि तयार खत किती निघालं, कुठे गेलं. यापेक्षा जास्त काही लागत नाही.

मी त्या वहीशेजारी दुसरी एक वही ठेवून बघितली. ती एका दुसऱ्या संस्थेची होती, मला काही वर्षांपूर्वी बघायला मिळालेली, तिच्या काही पानांची टिपणं माझ्याकडे होती. त्या वहीत रोज १२० किलो. सोमवारी १२०, रविवारी १२०. दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृह रिकामं, तरी १२०. एकाच पेनाने, एकाच हाताने, एका बैठकीत भरलेली पानं. पाल्याचा रकाना नव्हताच, आणि लाकडाचा भुसा विकत घेतल्याचं बिलही नव्हतं. तिथे खताचं यंत्र होतं, पण त्याच्यावर सायकली टेकून ठेवलेल्या होत्या.

खऱ्या वहीतले आकडे हलतात. रविवारी मसालेभात असतो तेव्हा खरकटं वाढतं. परीक्षेच्या आठवड्यात चहाचा चोथा वाढतो. मे महिन्यात सगळंच खाली येतं. आकडे जेवणाऱ्यांच्या संख्येबरोबर वरखाली होत नसतील तर ते काट्यावरून आलेले नाहीत. ही पहिली परीक्षा.

दुसरी परीक्षा वजाबाकीची. महिन्याला या हौदांत १७० गुणिले ३० म्हणजे सुमारे ५,१०० किलो माल जातो. पाणी वाफ होऊन उडतं, कर्बाचा मोठा भाग जिवाणूंच्या श्वासातून हवेत जातो. उरतं साधारण एक तृतीयांश: १,७०० किलोंच्या आसपास खत. पाला कमी घालणाऱ्या ठिकाणी हे प्रमाण आणखी कमी असतं, ओल्या कचऱ्याच्या पाव हिश्शाइतकं. प्रमाण थोडं पुढेमागे होईल, पण महिन्याला चार टन ओला कचरा ‘जिरवला’ आणि खत निघालं दोन पोती, असं होऊ शकत नाही. उरलेला कचरा रात्री कुठेतरी गाडीत भरून गेला. आणि पाच टन घालून चार टन खत काढलं असं लिहिलं असेल तर ते खत नव्हे, अर्धवट ओला मालच पोत्यात भरला आहे.

तिसरी परीक्षा तापमानाची. खोट्या वहीत वजन लिहिणं सोपं असतं, पण सात हौदांच्या तापमानांचा चढउतार कल्पनेने लिहिणं अवघड. तिसऱ्या दिवशी चढ, उलटल्यावर उतार, मग पुन्हा चढ, आणि शेवटी शांत. ही रेघ ज्याने हौद पाहिलेला नाही त्याला जमत नाही.

यंत्रांबद्दल इथे थांबून सांगायला हवं, कारण बऱ्याच हॉटेलांनी आणि कॉलेजांनी २४ तासांत खत करणारं यंत्र घेतलं आहे. असं यंत्र कचरा बारीक करतं आणि विजेच्या उष्णतेने वाळवतं. दुसऱ्या दिवशी तपकिरी भुकटी बाहेर येते आणि वजन एकदम खाली येतं. वहीत ‘१३० किलो आत, ३५ किलो बाहेर’ असं सुरेख दिसतं. पण गेलं आहे ते पाणी, कचरा कुजलेला नाही. ही भुकटी ओली करून बंद पिशवीत चार-पाच दिवस ठेवा. पुन्हा वास सुटला, पिशवी फुगली, तर जिवाणूंचं काम अजून व्हायचंच आहे. असं ‘खत’ कुंडीत घातलं तर ते मुळाशी कुजतं आणि रोप मरतं. ही भुकटी पुढे महिनाभर हौदात मुरवली तर यंत्र उपयोगाचं. म्हणून वहीत यंत्रानंतरचा माल कुठे, किती दिवस मुरला याचा रकाना हवा.

हॉटेलचं गणित कॉलेजापेक्षा वेगळं आहे. वसतिगृहात रोज साधारण तेवढीच माणसं जेवतात. हॉटेलात मात्र मंगळवारी ७० किलो आणि लग्नाच्या तिथीला हॉल भरला की ४०० किलो. सरासरीवर व्यवस्था उभी केली तर ती मुहूर्ताच्या दिवशीच कोसळते, आणि नेमका त्याच रात्री कचरा मागच्या गल्लीत जातो. हॉटेलाने आपल्या सर्वांत जड दिवसाचं वजन आधी माहीत करून घ्यावं आणि त्या दिवसाची वेगळी सोय लिहून ठेवावी: कोणती गाडी, कोणत्या प्रक्रिया केंद्रात, आणि तिथल्या काट्याची पावती. नुसती ठेकेदाराने ‘उचलला’ अशी सही पुरत नाही, कारण उचललेला कचरा कुठे उतरला हे त्या सहीत नसतं.

हॉटेलाला बायोगॅस बहुधा जास्त सोयीचा पडतो, कारण गॅस लगेच शेगडीवर लागतो. शिळा भात, पोळ्या, भाजी यांचं १०० किलोंमधून रोज चार-पाच किलो सिलिंडरच्या गॅसची बचत होऊ शकते. पण लिंबाची सालं टाकीतली आम्लता वाढवतात, नारळाच्या करवंट्या आणि हाडं त्यात विरघळत नाहीत, तेल जास्त झालं तर गॅस मंदावतो. म्हणून हॉटेलाच्या वहीत एकच ‘ओला कचरा’ रकाना उपयोगाचा नाही. टाकीत गेलेला, हौदात गेलेला आणि बाहेर दिलेला असे तीन वेगळे हवेत.

तळणीच्या तेलाची वही तर हॉटेलांना आधीपासून ठाऊक असायला हवी. दिवसाला ५० लिटरहून जास्त तेल तळणीला वापरणाऱ्यांनी वापरलेल्या तेलाची नोंद ठेवावी आणि ते अधिकृत संकलकालाच द्यावं, असा भारतीय अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचा १ मार्च २०१९ पासूनचा आदेश आहे. त्यामागचं तत्त्व हेच आहे: किती आलं, किती वापरलं, उरलेलं कुठे गेलं. यातलं एक जरी कळलं नाही तर ते तेल रस्त्यावरच्या कढईत परत येतं.

वसतिगृहाच्या हौदांपाशी दुपारी एक मावशी कचरा हाताने चाळत होत्या. हातात जाड हातमोजे, तरी त्या प्रत्येक गोष्ट आधी काठीने उलटत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, “ताई, भातात ब्लेड निघतं कधी. आणि पोरींचे पॅड. कागदात गुंडाळून वेगळ्या डब्यात टाकलं तर मला हात लावायला लागत नाही.” त्यांनी मला वहीत सॅनिटरीचा रकाना दाखवला. पहिल्या महिन्यात रोज पाच-सहा पिशव्या लिहिलेल्या. एवढ्या मुलींच्या वसतिगृहात इतक्या कमी असणं शक्यच नव्हतं, म्हणजे बाकीचे ओल्या-सुक्यात मिसळत होते. मुकादमांनी तो आकडा मेसच्या बैठकीत वाचून दाखवला. प्रत्येक मजल्यावरच्या स्वच्छतागृहात झाकणाचा वेगळा डबा आला, आणि पुढच्या महिन्यात आकडा चौपट झाला. कचरा वाढला नव्हता. तो मावशींच्या हाताखालून बाजूला गेला होता.

अशा वहीचा आणखी एक उपयोग तिथे झाला. खरकटं जेवणानुसार वेगळं तोलल्यामुळे दिसलं की बुधवारी रात्री ते दीडपट होतं. बुधवारी एक विशिष्ट भाजी असायची. भाजी बदलली, शिवाय पोळ्या एकदम चार वाढण्याऐवजी दोन-दोन वाढायला सुरुवात झाली, आणि आठवड्याचं खरकटं चाळीसेक किलोंनी उतरलं. तेवढा पालाही वाचला.

पाला वाचणं ही तिथे लहान गोष्ट नाही. कारण ही सगळी व्यवस्था ज्या एका गोष्टीवर अडते ती म्हणजे पावसाळा. आपल्याकडे पानगळ फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होते. त्या वेळी आवारात पाल्याचे ढीग असतात आणि बऱ्याच ठिकाणी ते सरळ जाळले जातात. जूनमध्ये उरलेला पाला भिजतो, आणि भिजलेला पाला पाणी शोषत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये हौद चिखल होतात, वास सुटतो, शेजारी तक्रार करतात, आणि कुणीतरी ठरवतं की ‘हे आपल्याला जमणारं नाही’. पावसाळ्याच्या चार महिन्यांना रोज ४० किलोंप्रमाणे ४,८०० किलो कोरडा पाला लागतो. कुट्टी करून भरला तर चार बाय चार मीटरची, दोन मीटर उंचीची पत्र्याची खोली पुरते. खत करायला निघालेल्या संस्थेने यंत्राचं दरपत्रक मागवण्याआधी ही खोली बांधावी.

या वसतिगृहाने पहिल्या वर्षी ती बांधली नव्हती. त्या वर्षीच्या ऑगस्टची पानं मी उलटत होते. तारखा, वजनं, तापमानं. एका तारखेला पाल्याच्या रकान्यात शून्य होतं, हौद क्रमांकाच्या जागी रेघ होती, आणि शेऱ्यात मुकादमांच्या बसक्या अक्षरात लिहिलं होतं: ‘आज पाला संपला. हौदात काही टाकलं नाही. १२६ किलो गाडीला दिलं.’ खाली गाडीचा नंबर आणि पावती टाचणीने टोचलेली. पुढचे अकरा दिवस तसेच.

मी मुकादमांना विचारलं, “काका, हे असं लिहिलंत तेव्हा वरून कुणी काही बोललं नाही?”

“बोलले ना,” ते म्हणाले. “साहेब म्हणाले, हे कशाला लिहिलं. मी म्हटलं, नाही लिहिलं तर पुढच्या वर्षी खोली कशाच्या आधारावर मागणार?”

खोली त्या मार्चमध्ये झाली. तिचं दार उघडलं तर आत छतापर्यंत कोरडा पाला आहे, आणि दाराच्या आतल्या बाजूला खडूने रोजचे ४० वजा करत आणलेला आकडा.